सर्जाच्या मानेवरचा हात

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. काउंटरवर दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘एवढा फोटो एडिट करून द्या.’ एकाला त्यात कडेला उभा असलेला माणूस कापायचा असतो, दुसऱ्याला ट्यूबलाइटचा हिरवटपणा घालवायचा असतो, तिसऱ्याला मागची भिंत काढून पांढरं बॅकग्राउंड हवं असतं. वाक्य मात्र तिघांचं एकच. गेल्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी या वाक्याने मला जे दाखवलं, ते लिहून ठेवतोय.

सकाळी अकराच्या सुमारास एक विशीतला मुलगा आला. ‘दादा, आजोबांचा फोटो आहे, एडिट करून पाहिजे. उद्या वर्षश्राद्ध आहे. बारा बाय अठराची फ्रेम करायचीय.’ फोटो त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तो घाईने निघून गेला. मी उघडून पाहिला. जुन्या प्रिंटचा मोबाइलवर काढलेला फोटो होता, 1200 बाय 1600 पिक्सेलचा. टोपी, सदरा आणि धोतरातले आजोबा, शेजारी बैल, मागे गोठा. सगळ्या चित्रावर लालसर झाक आणि एका कोपऱ्यात दिव्याची तिरीप.

वर्षश्राद्ध म्हटल्यावर मी गृहीत धरलं की नेहमीचंच काम आहे. आजोबांना छातीपर्यंत क्रॉप केलं. पेन टूलने कडेकडेने कट केलं, गोठा काढला, बैल काढला आणि मागे फिकट निळं बॅकग्राउंड टाकलं. बैलाकडे गेलेला उजवा हात कडेला येत होता म्हणून खांद्यापाशी सदऱ्याची बाजू जुळवून घेतली. दीड तास गेला. क्रॉप केलेल्या भागाची रुंदी जेमतेम 500 पिक्सेल उरली होती, म्हणजे बारा इंचांवर इंचाला 40च्या आसपास पिक्सेल. चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसू लागला. तेव्हाच फोन करून मूळ प्रिंट मागवायला हवी होती. मी थोडं शार्प केलं आणि छापलं.

संध्याकाळी मुलगा आजीला घेऊन आला. आजींनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाल्या, ‘बाळा, सर्जा कुठं गेला?’ मग खांद्यावर बोट ठेवून, ‘आणि ह्यांचा हात?’

आवाज चढला नव्हता, पण मला काही बोलता येईना. ‘आजी, कसा पाहिजे होता फोटो तुम्हाला?’ हा प्रश्न मी सात तास उशिरा विचारला. त्या म्हणाल्या, ‘व्हता तसाच. तो लाल लाल झालाय, तेवढं काढ.’

म्हणजे क्रॉप नको होता, बॅकग्राउंडला हात लावायचा नव्हता. फक्त कलर करेक्शन. सर्जा म्हणजे त्यांनी वासरापासून वाढवलेला खिलार. फोटो 1984च्या बेंदराचा, आणि त्याच्या मानेवर हात ठेवलेला नवऱ्याचा त्यांच्याकडे तेवढा एकच फोटो.

मूळ प्रिंट आजींनी पिशवीतून आणलीच होती, चार बाय सहाची, इतकी वर्षं ट्रंकेत ठेवलेली. ती 600 डीपीआयवर स्कॅन केली, 2400 बाय 3600 पिक्सेल मिळाले. बारा बाय अठराला इंचाला 200 पिक्सेल, भिंतीवरच्या फोटोला पुरेसे. शिवाय चार बाय सहा आणि बारा बाय अठरा यांचं प्रमाण एकच, त्यामुळे एकही बाजू कापावी लागणार नव्हती. हीच फ्रेम दहा बाय बाराची असती तर लांबीतून काहीतरी गेलंच असतं, आणि काय गेलेलं चालेल हे आधी विचारावं लागलं असतं.

आता रंग. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असत, आणि अंधारात बंद राहिलेल्या प्रिंटमधला निळसर, म्हणजे सायन थर बहुधा सगळ्यांत आधी उडतो. तो गेला की सावल्यासुद्धा लाल दिसतात. फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये लाल चॅनल उघडला, तर डावीकडची बरीच जागा रिकामी होती. आलेखाची टेकडी जिथे सुरू होत होती तिथपर्यंत काळा स्लायडर सरकवला आणि गोठ्यातला अंधार पुन्हा अंधारासारखा दिसू लागला.

पुढची पायरी म्हणजे चित्रातली एखादी पांढरी किंवा करडी वस्तू दाखवून बाकीचे रंग जुळवणं. मी टोपीवर आयड्रॉपर ठेवला, तर बैल पिवळट झाला. आजींना विचारलं, ‘टोपी अगदी पांढरी होती ना?’ त्या म्हणाल्या, ‘नीळ घालायचे मी, सणाला जरा जास्तच.’ म्हणजे टोपी मुळातच निळसर, तिला पांढरी मानलं की तेवढा निळा सगळ्या फोटोतून वजा होणार. मग वस्तू दाखवून विचारत गेलो. गोठ्याच्या दाराचा दगड करडा होता. तो धरला तेव्हा चेहऱ्याचा सावळा रंग आपोआप जागेवर आला. झूल कशी होती? हिरवी. शिंगं? ‘हिंगुळानं रंगवलेली, लालभडक.’ लाल झाक काढताना ती शिंगं विटकरी झाली होती. तेवढ्या भागाला मास्क लावून लाल परत आणला. हे ठाऊक असणारा माणूस शेजारच्या स्टुलावर बसला नसता तर मी शिंगं विटकरीच छापली असती, आणि मला ती बरोबरच वाटली असती.

सगळंच परत येत नाही. गळ्याखालच्या सावलीत लाल आणखी कमी केला की हिरवट ठिपके दिसू लागत, कारण तिथला सायन थर जवळजवळ संपलेला होता. तिथे थोडी लाली राहू दिली आणि आजींना ती दाखवून सांगितलं.

हे चालू असताना मुलगा गप्प बसून होता. शेवटी म्हणाला, ‘दादा, सकाळचा तो कापलेला पण लागेल. फ्लेक्सवाल्याने बॅकग्राउंड काढलेला मागितलाय.’ म्हणजे एका वाक्यात दोन कामं होती, एक आजींचं आणि एक त्याचं, आणि मी दोघांपैकी कुणालाच विचारलं नव्हतं. शिवाय फ्लेक्सवाल्याला माझ्या निळ्या बॅकग्राउंडच्या जेपीजीचा उपयोग नव्हता, त्याला मागची बाजू पारदर्शक असलेली पीएनजी लागते. नव्या स्कॅनवरून पुन्हा कट केलं. या वेळी आधी विचारलं, ‘सर्जा ठेवायचा?’ मुलाने आजीकडे पाहिलं. ठेवला. हाताची बोटं मानेवरच्या केसांत गेलेली, तिथे पेन टूल चालत नाही. ते केस सिलेक्ट अँड मास्कमध्ये बारीक ब्रशने सोडवले. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. फोटो म्हणून पाठवली असती तर पारदर्शकपणा वाटेतच गेला असता.

त्या दिवसापासून पावतीच्या मागे मी चार गोष्टी लिहून घेतो: कुठे लागणार आणि केवढा, खटकतंय काय, काय गेलेलं चालणार नाही, आणि मूळ फोटो कुठे आहे. घाईत असलेला गिऱ्हाईक एखाद्या वेळी कंटाळतो, तरी विचारतो.

रात्री साडेनऊला बारा बाय अठराची प्रिंट निघाली. आजींनी आधी शिंगांवरून बोट फिरवलं, मग हातावर येऊन थांबवलं. ‘उद्या ये जेवायला,’ म्हणाल्या.