पाय पट्टेरी, पण डास कोणता?

‘मॅडम, पायावर पांढरे पट्टे आहेत, म्हणजे डेंग्यूचाच डास ना? फोटो पाठवलाय, बघा की.’

असेलही, पण नुसत्या पायांवरून मी कधीच सांगत नाही. पायावर पट्टे असलेले डास आपल्याकडे बरेच आहेत. पावसाळा लागला की माझ्या फोनवर असे फोटो यायला लागतात, आणि पाठवणाऱ्याने निकाल आधीच दिलेला असतो. मला फक्त सही करायची असते.

गेल्या पावसाळ्यातला एक फोटो घेते. पंचगंगेच्या काठच्या गावातून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवला होता. घराच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. संध्याकाळी ओसरीच्या भिंतीवर बसलेला डास त्याने बाजूने टिपला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘पाय पट्ट्यापट्ट्यांचे हायत, फवारणीवाल्यांना बोलवू काय?’

मी आधी मिशा बघते. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात आणि तो चावत नाही, त्यामुळे तिथेच अर्धी काळजी मिटते. या फोटोत मिशांवर तुरळक केस होते, म्हणजे मादी. मग बसण्याची ढब. अ‍ॅनोफिलीस, म्हणजे मलेरियाचा डास, भिंतीवर तिरका बसतो. सोंड, डोकं आणि पोट एका सरळ रेषेत, आणि शेपटाकडची बाजू भिंतीपासून वर उचललेली. क्युलेक्स, म्हणजे आपल्या नेहमीच्या डासांचा गट, आणि एडिस, म्हणजे डेंग्यूच्या डासांचा गट, हे दोन्ही पाठीत पोक काढून बसतात. डोकं खाली झुकलेलं आणि पोट भिंतीला समांतर. आपला डास पोक काढून बसला होता. ढब बघायची तर फोटो बाजूनेच हवा. वरून काढलेल्या फोटोत तिरका काय आणि समांतर काय, दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय ढब म्हणजे शंभर टक्के पुरावा नव्हे. खेड्यापाड्यांत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफॅसिस बराचसा क्युलेक्ससारखाच बसतो. म्हणून लगेच पंख बघायचे.

अ‍ॅनोफिलीसच्या बहुतेक जातींत पंखाच्या पुढच्या कडेवर काळे आणि फिके तुकडे आलटून पालटून असतात. ते शिरांवरच्या खवल्यांचे असतात, त्यामुळे दोन्ही पंखांवर एकाच जागी दिसतात. ही जागा जुळणं महत्त्वाचं. मिटलेले पंख एकमेकांवर आले की शिरांची जाळी दुहेरी दिसते, फ्लॅशने त्यावर रंग चमकतात, आणि लोक म्हणतात ‘पंखावर ठिपके आहेत’. आपल्या डासाचे पंख सरसकट तपकिरी होते. अ‍ॅनोफिलीस बाद.

आता पाय. एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यूचा मुख्य डास, काळसर असतो आणि त्याचे पट्टे अगदी पांढरेशुभ्र. सगळ्यात ठळक मागच्या पायांवर. पाऊल पाच तुकड्यांचं असतं. पहिल्या चार तुकड्यांच्या बुडाशी पांढरा पट्टा आणि शेवटचा, पाचवा तुकडा जवळजवळ पूर्ण पांढरा. विद्यार्थ्याच्या फोटोत पट्टे होते, पण अरुंद, मळकट पिवळसर आणि बरोबर सांध्यावर बसलेले, म्हणजे सांध्याच्या अलीकडेही थोडे आणि पलीकडेही थोडे. पावलाचं टोक काळपटच.

पायांनी शंका घातली की मी पाठीकडे जाते, कारण शेवटचा शब्द तिचा. इजिप्तीच्या छातीच्या वरच्या बाजूला, डोक्यामागे, दोन कडांना बाहेर वळलेल्या चंदेरी रेघा असतात आणि मधे दोन बारीक उभ्या रेघा. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस, ज्याला टायगर डास म्हणतात, त्याचे पायही तितकेच पट्टेरी, पण पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ. डेंग्यू तोही पसरवू शकतो, मात्र त्याला घरापेक्षा झाडी, बागा जास्त मानवतात. आपल्या डासाची पाठ तपकिरी होती, एकही चंदेरी रेघ नाही. पोटाचं टोक बोथट. एडिसच्या मादीचं निमुळतं असतं. आणि मोठं केल्यावर सोंडेच्या मधोमध एक फिकट कडं दिसलं. इजिप्तीची सोंड अख्खी काळी असते. सोंडेवर कडं आणि सांध्यांवर अरुंद पट्टे, हा क्युलेक्स विष्णुई गटातला डास. भाताच्या खाचरात वाढणारा, म्हणजे पत्ताही जुळला. या गटातली नेमकी जात मात्र फोटोवरून सांगायला मी धजत नाही. त्यासाठी डास सूक्ष्मदर्शकाखाली हवा. हा डेंग्यू पसरवत नाही. म्हणून लगेच निरुपद्रवी म्हणू नका, जपानी मेंदूज्वर पसरवणारे डास याच गटातले. त्याला मी तेच कळवलं. ‘मग बॅरल ओतून टाकलं ते फुकटच की,’ असं उत्तर आलं. फुकट नाही. इजिप्ती बॅरलमध्येच वाढतो, फक्त या फोटोत तो नव्हता.

रंकाळ्याच्या किंवा नदीच्या बाजूने, जिथे जलपर्णी माजते, तिथून मॅन्सोनियाचा फोटो आला तर गोंधळ दुप्पट होतो. पाय पट्टेरी, म्हणून कुणी डेंग्यूचा म्हणतं. पंखांवर ठिपके, म्हणून कुणी मलेरियाचा. पण मॅन्सोनियाच्या पंखावर मीठमिरी शिंपडल्यासारखे फिके-गडद खवले सगळीकडे मिसळलेले असतात, अ‍ॅनोफिलीससारखे ठरलेल्या जागी तुकडे नसतात. आणि तो पोक काढून बसतो. याच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून तिथूनच श्वास घेतात, त्यामुळे जलपर्णी काढली की तो कमी होतो.

उलट बाजूची फसगतही होते. सेप्टिक टँकजवळ दिसणारा आर्मिजेरिस चांगला दांडगा आणि काळा असतो, दिवसाउजेडी चावतो, म्हणून लोक घाबरतात. पण त्याच्या पावलांवर पट्टे नसतात, पोटाच्या बाजूला पांढरे डाग असतात, आणि सोंड खाली वाकलेली असते. बाजूने काढलेल्या फोटोत ही वाकलेली सोंड पटकन नजरेत येते. गटारातला आपला नेहमीचा क्युलेक्स तर साधा तपकिरी, पायावर काहीच नाही. तरी फ्लॅशमध्ये त्याचे गुळगुळीत पाय चमकतात आणि पट्ट्यांचा भास होतो. खरा पट्टा डाव्या-उजव्या पायावर एकाच जागी असतो. चमक उजेडाच्या बाजूलाच असते आणि कोन बदलला की सरकते.

फोटोवरून एक गोष्ट कुणालाच सांगता येत नाही, ती म्हणजे या डासात विषाणू आहे की नाही. घरात कुणाला ताप असेल तर डासाचा फोटो काढण्यात वेळ घालवू नका, रक्त तपासा.

आणि फोटो चापट मारायच्या आधी काढा. तळहातावर चिरडलेल्या डासाची ढब गेलेली असते, खवले निघालेले असतात, आणि पट्टे, ठिपके, रेघा हे सगळं खवल्यांचंच असतं. भिंतीवर बसला असताना आधी बाजूने एक फोटो घ्या. मग त्यावर काचेचा ग्लास पालथा घालून खालून पोस्टकार्ड सरकवा आणि ग्लास तसाच फ्रीझरमध्ये ठेवा. डास निपचित पडला की पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून वरून एक फोटो पाठीचा आणि एक मागच्या पायांचा. भिंग असेल तर फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरा. पकडताना पाय तुटले तरी पाठ शाबूत ठेवा.