एनालाप्रिलऐवजी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, आणि शिरेतून लोह : हे कोणाला द्यायचं, कसं द्यायचं

हार्ट फेल्युअरच्या ओपीडीत एक प्रश्न सतत येतो. "डॉक्टर, जुन्या गोळ्या चालू आहेत, तब्येत बरी आहे, मग बदल कशाला?" उत्तर प्रत्येकाला सारखं नसतं, म्हणून एका उदाहरणावरून सांगतो.

वय ६२, वजन ५८ किलो. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाची पंपिंग क्षमता, २८ टक्के. एनालाप्रिल ५ मि.ग्रॅ. दोन वेळा, कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि फ्युरोसेमाइड ४० मि.ग्रॅ. चालू. पायाला सूज नाही, पण एक जिना चढला की थांबावं लागतं. बीपी ११२/७०, क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.६. म्हणजे "बरं आहे" असं घरचे म्हणतात तेव्हाही दम शिल्लकच आहे. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन या नव्या गोळीचा फायदा सिद्ध झाला तो नेमका अशाच रुग्णांत.

एनालाप्रिल शरीरात अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाही. पण ताणलेलं हृदय स्वतःच्या बचावासाठी काही द्रव्यं सोडत असतं. ती मीठ-पाणी बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्या सैल करतात. नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम ती मोडून टाकतं. सॅक्युबिट्रिल या एन्झाइमला अडवतं. मात्र हेच एन्झाइम अँजिओटेन्सिनही मोडतं, त्यामुळे एकटं सॅक्युबिट्रिल दिलं तर अँजिओटेन्सिन वाढेल. म्हणून त्याच्याबरोबर अँजिओटेन्सिनचा परिणाम रोखणारं वल्सार्टन असतं. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत ही गोळी सुमारे ८,४०० रुग्णांत एनालाप्रिलशी ताडून पाहिली, आणि तेही एनालाप्रिल १० मि.ग्रॅ. दोन वेळा या पुऱ्या डोसशी. साधारण सव्वादोन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती व्हावं लागण्याचं प्रमाण २६.५ वरून २१.८ टक्क्यांवर आलं. हे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : ज्यांना ही औषधं सोसली नाहीत त्यांना मुख्य चाचणीआधीच वगळलं होतं. ओपीडीत चक्कर आणि कमी बीपी त्यापेक्षा जास्त दिसतात.

बदल करताना सर्वांत मोठा धोका एनालाप्रिल आणि नवी गोळी एकत्र पोटात जाण्याचा. ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य दोन वाटांनी मोडलं जातं, आणि दोन्ही औषधं मिळून त्या दोन्ही वाटा बंद करतात. मग ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो. म्हणून मध्ये ३६ तासांचं अंतर ठेवायचं. मी कागदावर वार आणि वेळ लिहूनच देतो : एनालाप्रिलची शेवटची गोळी सोमवारी रात्री ८ वाजता, मंगळवारी दोन्ही वेळा काही नाही, नवी गोळी बुधवारी सकाळी ८ ला. उरलेली जुनी पाकिटं त्याच दिवशी घरातून बाहेर काढायला सांगतो, कारण गोळ्या भरून देणारी सून किंवा नात सवयीने जुनी गोळीही डबीत टाकते. आधी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन चालू असेल तर ३६ तास थांबावं लागत नाही. पुढच्या डोसच्या वेळी ते बंद करून थेट नवी गोळी घ्यायची. पण ते बंद व्हायलाच हवं, कारण त्याच जातीचं वल्सार्टन या गोळीत आहेच.

या रुग्णाचा एनालाप्रिलचा डोस कमी होता म्हणून नव्या गोळीची सुरुवात ५० मि.ग्रॅ. दोन वेळा अशी केली. (काही पाकिटांवर हाच डोस २४/२६ असा छापलेला असतो.) दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.४, पोटॅशियम ४.९. क्रिएटिनिन मूळच्या तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तर मी थांबत नाही, लक्ष ठेवतो. बीपी मात्र ९६ वर आलं होतं आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. इथे बहुतेक ठिकाणी नवी गोळी बंद होते. आधी पाहावं ते फ्युरोसेमाइड. सूज नाही, छातीत पाणी नाही, वजन स्थिर आहे, मग ४० चं २० केलं. आठवड्यात बीपी १०६. चार आठवड्यांनी १०० मि.ग्रॅ. दोन वेळा, आणि सोसलं तर पुढे २००. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आणि बीपीसाठी म्हणून आणलेलं "कमी सोडियमचं" मीठ, दोन्ही बंद. पहिल्याने किडनी बिघडते. दुसऱ्यात पोटॅशियम असतं. तपासणीचीही एक अडचण आहे : हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्ततपासणी या गोळीवर वाढलेली दिसते, म्हणून तिच्याऐवजी एनटी-प्रोबीएनपीच करावं.

सुरुवातीलाच बीपी १०० च्या खाली असेल, पोटॅशियम ५.२ च्या वर असेल किंवा पूर्वी ओठ, जीभ, घसा असा सुजला असेल, तर मी ही गोळी देत नाही. इजेक्शन फ्रॅक्शन पुरतं नॉर्मल असलेल्यांत फायदा ठळक नाही. २०१९ ची पॅरागॉन-एचएफ चाचणी थोडक्यात हुकली. जो काही फायदा दिसला तो इजेक्शन फ्रॅक्शन थोडं कमी असलेल्यांत आणि स्त्रियांत.

आता लोह. याच रुग्णाचं हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा ६८, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या वाहक प्रथिनावर चढलेलं लोह १३ टक्के. लॅबच्या अहवालात फेरिटिन "नॉर्मल" लिहिलं होतं. हार्ट फेल्युअरमध्ये शरीरात दाह धुमसत असतो आणि तो फेरिटिन वर ढकलतो. म्हणून इथे १०० च्या खाली कमतरता धरतात, आणि १०० ते २९९ मध्ये असेल तर सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली आहे का ते पाहतात. दोन्हींपैकी माझा भर सॅच्युरेशनवर असतो. हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोह कमी असू शकतं, आणि स्नायूंना ऊर्जा बनवायला ते लागतं. पाय जड होणं, लवकर थकणं याचं एक कारण तेच.

लोहाच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. हेप्सिडिन हे लोहावर ताबा ठेवणारं संप्रेरक वाढलेलं असतं, ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. २०१७ च्या चाचणीत १५० मि.ग्रॅ. दोन वेळा, १६ आठवडे देऊनही व्यायामाची क्षमता वाढली नाही. म्हणून शिरेतून. वजन ७० किलोच्या आत आणि हिमोग्लोबिन १० ते १४, म्हणजे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह एकूण १,००० मि.ग्रॅ. एका आठवड्यात याहून जास्त देत नाहीत. ते फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, २५० मि.लि.पेक्षा जास्त पातळ न करता, किमान १५ मिनिटांत द्यायचं आणि नंतर अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवायचं. लोहाचं हे सलाइन शिरेबाहेर गेलं तर त्वचेवर तपकिरी डाग राहतो, तो महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून आधी साध्या सलाइनने सुई तपासून घ्यावी. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर पुढे ढकलायचं. हिमोग्लोबिन १५ च्या वर असेल तर देत नाही.

काय मिळतं, हे रुग्णाला स्पष्ट सांगावं. २००९ च्या फेअर-एचएफमध्ये लक्षणं आणि चालण्याची क्षमता सुधारली. २०२० च्या अफर्म-एएचएफमध्ये पुन्हा भरती होणं कमी झालं, हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे मी लोह आयुष्य वाढेल म्हणून देत नाही, दम आणि दवाखान्याच्या खेपा कमी व्हाव्यात म्हणून देतो. सर्वाधिक उपयोग पंपिंग कमी असलेल्यांना, विशेषतः नुकतेच भरती होऊन घरी गेलेल्यांना.

लोह भरलं की काम संपलं असं होत नाही, कारण ते गेलं कुठे हे शोधावं लागतं. हा रुग्ण अ‍ॅस्पिरिनवर होता. एंडोस्कोपीत जठरात व्रण निघाला, आणि त्याचा उपचार झाला नसता तर सहा महिन्यांत फेरिटिन पुन्हा खाली आलं असतं. फेरिटिन लगेच तपासू नये, महिन्याच्या आत ते फसवं जास्त येतं. तीन महिन्यांनी या रुग्णाचं सॅच्युरेशन २४ टक्के, हिमोग्लोबिन १२.६, इजेक्शन फ्रॅक्शन ३७. यातलं किती गोळीचं आणि किती लोहाचं, ते एका रुग्णात वेगळं काढता येत नाही. पण औषधं नीट चालू असताना तीन महिन्यांनीही इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा त्याखाली राहिलं असतं, तर आयसीडी, म्हणजे जीवघेणी लय आली की शॉक देणारं यंत्र, बसवण्याबद्दल बोलावं लागलं असतं. सध्या ते टळलं आहे. पुढचा इको सहा महिन्यांनी, आणि लोहाची तपासणी त्याच दिवशी.