मारबतीच्या मुलाखतीचा कट: माऊसवरून कीबोर्डच्या किल्ल्यांवर, आठवडा तिसरा

ह्या आठवड्यात हाती असलेलं फुटेज म्हणजे नागपूरच्या इतवारीतल्या एका काकांची मुलाखत. पिवळी आणि काळी मारबत ह्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडगे हे पुतळेही निघतात, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अख्खी इतवारी रस्त्यावर उतरते, हे सगळं त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. मोबाइलवर बावीस मिनिटं बोलले आणि मला चार मिनिटांचा तुकडा हवा. शॉटकट हे व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर वापरतोय, फुकटातलं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालणारं.

मागच्या दोन आठवड्यांत मी प्रत्येक अडखळण अशी काढत होतो: अडखळण सुरू होते तिथे एक कट, संपते तिथे दुसरा, मधला तुकडा क्लिक करून `X`. `X` मुळे तुकडा जातो आणि पुढचं सगळं सरकून मोकळी जागा भरते. पद्धत बरोबर आहे, पण दर अडखळणीला हात दोनदा माऊसवर जातो. ह्यावेळी मधली पायरीच गाळली.

काका म्हणतात, "सांगाडा बांबूचाच असते, मंग त्याच्यावर... थांब, काय म्हनतात बापा त्याले... कागद अन् कपडा लावतेत." मला "त्याच्यावर" नंतर थेट "कागद" हवा. प्ले करत "त्याच्यावर" संपताच `K` दाबून थांबलो. `S` दाबलं, क्लिपचे दोन तुकडे झाले. मग `L` ने पुढे जाऊन "कागद" च्या अगदी आधी पुन्हा `K`, आणि `Shift+I`. ह्या किल्लीने प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची उभी रेघ, ज्या क्लिपवर आहे तिची सुरुवात प्लेहेडपर्यंत छाटली जाते आणि उरलेलं सगळं मागे येऊन चिकटतं. म्हणजे `S`, मग `Shift+I`, झालं. काही निवडावं लागत नाही, फक्त डावीकडे तो ट्रॅक चालू ट्रॅक म्हणून निवडलेला आहे ना, तेवढं बघायचं. वाक्याचं शेपूट तोडायचं असेल तर उलट: जिथे थांबायचं तिथे प्लेहेड ठेवून `Shift+O`, क्लिपचा उरलेला शेवट जातो.

नुसतं `I` किंवा `O` दाबलं तर छाट तीच होते, पण जागा रिकामी राहते आणि पुढचं काही हलत नाही. सुरुवातीला `Shift` राहून जायचा, तेव्हा मुलाखतीत मधेच काळा पडदा आणि शांतता दिसायची. असं दिसलं की `Ctrl+Z`, पुन्हा शिफ्टसकट.

छाट नेमकी कुठे, ह्यावर मला जास्त वेळ लागला आणि तो लावायलाच हवा. मराठी वाक्य बहुतेक क्रियापदावर संपतं आणि बोलताना शेवटचा स्वर लांबतो: "जायचे", "लावतेत", "होतं". लाटेच्या चित्रात आवाज संपल्यासारखा दिसतो तिथे कापलं, तर कानाला "होत" ऐकू येतं, "होतं" नाही. म्हणून चित्रात शेवट दिसला की बाणाच्या किल्लीने चार-पाच फ्रेम पुढे जातो आणि मग `Shift+O`. माझा प्रोजेक्ट सेकंदाला २५ फ्रेमचा आहे, म्हणजे पाच फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पुढच्या वाक्याआधीचा श्वासही तसाच थोडा ठेवतो. श्वास पूर्ण काढला की काका घाईत बोलल्यासारखे वाटतात, आणि ते तसे अजिबात नाहीत.

आता मार्कर, म्हणजे टाइमलाइनवर लावायची खूण. कापायला बसण्याआधी पूर्ण बावीस मिनिटं एकदा ऐकली, पण `L` दोनदा दाबून दुप्पट वेगाने, म्हणजे अकरा मिनिटांत. ऐकताना जिथे कामाचं वाक्य लागलं तिथे `M`. नाव द्यायला थांबलो नाही. दुसऱ्या फेरीत `<` आणि `>` ने एका मार्करवरून दुसऱ्यावर उड्या मारल्या आणि प्रत्येकावर परत `M` दाबून नाव लिहिलं: "सांगाडा", "पिवळी", "काळी", "बडगे", "घेऊन जा गे मारबत". शेवटचा मार्कर म्हणजे मिरवणुकीतल्या आरोळीचा भाग. तो काकांनी स्वतः म्हणून दाखवला आणि तो जाऊ द्यायचा प्रश्नच नव्हता.

इथेच एक अडचण आली, ती ज्यांना मराठीत नावं लिहायची त्यांनी लक्षात ठेवावी. नाव देवनागरीत लिहिण्यासाठी कीबोर्ड मराठी केला आणि परत इंग्रजी करायचा राहिला. मग `S` दाबतोय, काही होत नाही, `K` दाबतोय, थांबत नाही. दहा मिनिटं वाटलं की सॉफ्टवेअर अडकलं. विंडोजवर `Win+Space` ने भाषा बदलते. आता नाव लिहून झालं की लगेच तीच किल्ली, मगच पुढे.

मार्कर लावल्यानंतर जो प्रश्न उभा राहतो तो असा: मी सातव्या मिनिटातले तीस सेकंद कापले, फुटेज तीस सेकंद मागे सरकलं, पण "बडगे" हा मार्कर जुन्या जागीच राहिला तर तो आता दुसऱ्याच वाक्यावर बसतो. टाइमलाइनच्या टूलबारवर रिपलसाठी, म्हणजे कापल्यावर पुढचं मागे सरकण्यासाठी, एकच बटण नाही. चालू ट्रॅकपुरतं सरकवणारं एक, सगळे ट्रॅक सरकवणारं दुसरं आणि मार्कर सरकवणारं तिसरं, अशी वेगवेगळी आहेत. मार्करचं चालू असेल तर प्रश्न मिटतो. पण ते चालू आहे की नाही हे दरवेळी बघण्यापेक्षा मला एक जुनी रीत जास्त आवडली: शेवटाकडून सुरुवातीकडे कापत जायचं. एकविसाव्या मिनिटातलं काहीही काढलं तरी त्याच्या आधीचं तसूभर हलत नाही, म्हणजे जे मार्कर अजून वापरायचे आहेत ते सगळे जागेवर. `<` दाबत मागे मागे यायचं. ही रीत कुठल्याही एडिटरमध्ये चालते. मोठे तुकडे काढायला ती उत्तम. वाक्यांतले श्वास आणि अडखळणी मात्र सुरुवातीपासून ऐकतच काढाव्या लागतात, लय उलटं कापत जाताना कळत नाही.

असं करून बावीस मिनिटांचे साडेचार झाले, तेही एकाच संध्याकाळी. आधीच्या मुलाखतीला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या.

मग फोटो. मारबतीचे फोटो वरच्या ट्रॅकवर ठेवले, म्हणजे काकांच्या बोलण्यातले कटचे जोड दिसत नाहीत. ठेवून झाल्यावर एक वाक्य लांब वाटलं, तीन सेकंद `Shift+I` ने काढली, आणि पुढे "काळी" म्हणताना पिवळीचाच फोटो अजून पडद्यावर. खालचा ट्रॅक तीन सेकंद मागे आला होता, वरचा नाही. फोटो प्रत्येक ठिकाणी सारख्याच अंतराने चुकत असेल तर कारण हेच. मागे आलो, सगळे ट्रॅक सरकवणारं बटण चालू केलं, परत कापलं, जुळलं. खाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढोलाचा आवाज होता, त्या ट्रॅकला आधी कुलूप लावलं, कारण कुलूपबंद ट्रॅक हलत नाही आणि ढोलाला हलायची गरज नव्हती. पुढच्या वेळी मात्र फोटो आणि ढोल आणण्याआधी बोलण्याचा ट्रॅक पूर्ण पक्का करणार.

फाइल निर्यात करताना मार्कर चॅप्टर म्हणून वेगळे काढता येतात, ते ह्या चार मिनिटांसाठी लागले नाहीत. बडग्यांच्या लांब फुटेजला लागतील, तो चाळीस मिनिटांचा ढीग पुढच्या आठवड्यात.