‘सूत्रांनी सांगितले’ लिहिलं की झालं का?

“सर, साहेब बोलून गेल्यावर म्हणाले, ‘हे ऑफ द रेकॉर्ड बरं का.’ मग बातमीत लिहायचं काय? ‘सूत्रांनी सांगितले’ असं लिहिलं की झालं ना?”

नाही झालं. आधी साहेबांना काय म्हणायचं होतं ते तरी कळू दे.

नागपुरात ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात असतं, ‘छाप, पण माझं नाव नको.’ पत्रकारितेत त्याला बॅकग्राउंड म्हणतात: माहिती वापरायची, नाव नाही, आणि बोलणाऱ्याची ओळख कोणत्या शब्दांत द्यायची ते आधी ठरवायचं. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे त्या माणसाच्या तोंडची ती माहिती छापायचीच नाही, नाव वगळूनसुद्धा नाही. ऑन द रेकॉर्ड म्हणजे नाव, हुद्दा, शब्द, सगळं वापरायला मोकळं. शब्द तोच आणि अर्थ वेगळा, म्हणून मी तिथल्या तिथे विचारायचो: “साहेब, माहिती छापू का? तुमचे शब्द तसेच घेऊ का? आणि तुम्हाला काय म्हणू?” तिसरा प्रश्न लोक विसरतात. मीही विसरलो होतो.

शहरातल्या एका सिमेंट रस्त्याची गोष्ट. वर्षभरात तडे गेले, म्हणून रस्त्यातून कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढून तपासायला पाठवले. एम-४० काँक्रीट असेल, म्हणजे ठरलेली ताकद ४० मेगापास्कल असेल, तर भारतीय मानकाप्रमाणे तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के, म्हणजे ३४ भरायला हवी, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे ३०च्या खाली जायला नको. इथे आकडे आले ३३, ३१ आणि २७. सरासरी तीसच्या जरा वर. दोन्ही कसोट्यांवर रस्ता नापास.

हे मला एका अभियंत्याने टपरीवर सांगितलं. म्हणाला, “भाऊ, माझं नाव नको येऊ देऊ.” मी हो म्हटलं आणि लिहिलं, ‘या विभागातील एका वरिष्ठ अभियंत्याने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले की, तीनपैकी एक कोअर २७वर नापास झाला आहे.’ मला वाटलं, किती जपून लिहिलंय! त्या विभागात वरिष्ठ अभियंते दोनच होते आणि दुसरा पंधरा दिवसांच्या रजेवर होता. शिवाय अहवालाच्या प्रती चौघांकडेच गेल्या होत्या, तेव्हा २७ हा आकडाच बोट दाखवत होता. सकाळी साडेदहाला कार्यालय उघडलं आणि अकराला त्याला केबिनमध्ये बोलावणं आलं. नाव मी छापलं नव्हतं, तरी माणूस उघडा पाडला होता.

आता तीच बातमी मी अशी लिहीन: ‘चाचणीचे निष्कर्ष ठाऊक असलेल्या एका अधिकाऱ्याने सांगितले की, रस्त्याचे काँक्रीट आवश्यक ताकदीचे भरलेले नाही. कारवाईच्या भीतीने त्यांनी नाव न देण्याची विनंती केली.’ वाचकाला कळतं की या माणसाला हे कसं माहीत आणि तो लपतोय का. कार्यालयाला मात्र कोण ते कळत नाही. नेमका आकडा कागद हाती आल्यावर, कागदाच्या नावावर टाकायचा. आणि हे वर्णन छापण्याआधी त्या माणसाला फोनवर वाचून दाखवायचं. अख्खी बातमी नाही, फक्त तेवढं वर्णन.

‘सूत्रांनी’ हा शब्द मला खटकतो तो म्हणूनच. एकाच माणसाने सांगितलेलं असताना अनेकवचन लिहिणं ही सरळ थाप आहे. आणि निनावी माणसाकडून वस्तुस्थिती घ्यावी, शेरेबाजी नाही. ‘कंत्राटदार चोर आहे,’ असं ज्याला म्हणायचंय त्याने नावानिशी म्हणावं.

यात एक सापळा डेस्कवर असतो. बातमी रात्री डेस्कवर जाते. उपसंपादकाला दुसरी बाजू हवी असते, म्हणून तो सवयीने शेवटी एक ओळ जोडतो: ‘याबाबत संबंधित अभियंत्यांशी संपर्क होऊ शकला नाही.’ अरे, त्याच्याशीच तर बोललोय! सूत्र लपवायचंय म्हणून वाचकाशी खोटं बोलायची मुभा मिळत नाही. अशा वेळी कार्यालयाला रीतसर प्रश्न पाठवावा आणि जे घडलं तेच लिहावं: ‘कार्यालयाने अधिकृत उत्तर दिलेले नाही.’ हे खरंही असतं आणि कुणाला दाखवूनही देत नाही. बातमी देताना वृत्तसंपादकाला नाव सांगून ठेवलं, तर ती ओळ तोच थांबवतो.

त्याच अभियंत्याने निघता निघता आणखी एक गोष्ट सांगितली. “हे मात्र खरंच ऑफ द रेकॉर्ड. बिल निघालंय.” अहवाल नापास आणि पैसे दिलेले! खरी बातमी तीच, आणि तीच छापायची नाही. मी विचारलं, “दुसरीकडून मिळाली तर छापू?” तो म्हणाला, “मिळव ना, मला काय.” ही परवानगी वहीत लिहून ठेवायची असते. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्याच रस्त्याचा नाही, त्या वर्षीच्या झाडून सगळ्या सिमेंट रस्त्यांच्या चाचण्या आणि देयकं मागितली. एकाच रस्त्यावर बोट ठेवलं असतं, तर कुणी सांगितलं हे पुन्हा कळलं असतं. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे, तेवढे थांबलो. बातमीत लिहिलं, ‘माहिती अधिकारात मिळालेल्या कागदपत्रांनुसार’. अभियंत्याचा उल्लेख कुठेच नाही, निनावीसुद्धा नाही.

ऑफ द रेकॉर्ड कधीच मोडता येत नाही का? प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत दोन वाटा आहेत. सांगणाऱ्याने नंतर संमती दिली तर, किंवा संपादकाने तळटीप देऊन लिहिलं की, हे ऑफ द रेकॉर्ड सांगितलं होतं पण जनहितासाठी छापत आहोत, तर. दुसऱ्या वाटेने गेलात की तो माणूस तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही. आणि १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यातलं कलम १५(२), म्हणजे पत्रकाराला सूत्र सांगायला भाग पाडता येत नाही, हे कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतंच आहे. कोर्टात ते ढाल म्हणून चालत नाही. तेव्हा ‘तुमचं नाव कधीच बाहेर येणार नाही’ असं वचन देताना हात जरा आखडता ठेवा.

राहिला तुमच्या साहेबांचा प्रश्न. ते बोलून झाल्यावर म्हणाले ना? अट बोलण्याआधी ठरते. नंतर सांगितलेली अट ही विनंती असते. मुरलेल्या अधिकाऱ्याची ती मानलीच पाहिजे असं नाही, पण पहिल्यांदाच पत्रकाराशी बोलणाऱ्या चाळीतल्या बाईची मी मानली आहे. डिसेंबरात अधिवेशन आलं की रविभवनावर मंत्र्यांच्या ‘अनौपचारिक गप्पा’ रंगतात आणि दुसऱ्या दिवशी ‘पत्रकारांशी अनौपचारिक बोलताना मंत्री म्हणाले’ असं नावासकट छापून येतं. ही चौथी जात मराठी वर्तमानपत्रांनी स्वतःच काढली आहे, आणि तिचा नियम मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तिथे चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी मोठ्याने विचारायचं, “साहेब, हे नावावर का?” बाकीचे पत्रकार वैतागतात. वैतागू द्या.

साहेबांना आजच फोन करा आणि ते तीन प्रश्न विचारा. मला वाटतं, ते म्हणतील, “छाप रे, फक्त नाव नको.” मग त्यांच्या खोलीत तुम्हाला जाताना कुणी पाहिलं होतं का, तेही विचारून घ्या.