टॅगवर एक किंमत, काउंटरवर दुसरी

टॅगवर लिहिलेले पैसे मोजून वस्तू घरी आणता येत नाही, ही अमेरिकेतली गोष्ट माझ्या अजून पचनी पडलेली नाही. आपल्याकडं एमआरपी म्हणजे सगळे कर धरून. कोल्हापुरात महाद्वार रोडवर शर्टाच्या टॅगवर २००० रुपये आणि वर ‘३० टक्के सूट’ असेल तर १४०० रुपये द्यायचे, विषय संपला. त्या १४०० मध्ये ५ टक्के जीएसटी आधीच बसलेला असतो. दुकानदार वर आणखी ७० रुपये मागायला लागला तर टॅगवरचं ‘सर्व करांसहित’ त्याला दाखवायचं आणि हटायचं नाही.

इथं डॅलसमध्ये टॅग कराबद्दल एक अक्षर बोलत नाही. परवा राजारामपुरीच्या वहिनींनी भाच्यासाठी जॅकेट बघायला सांगितलं, म्हणून टॅगचा फोटो त्यांना पाठवला. छापील किंमत ८० डॉलर, वर लाल स्टिकर, ३० टक्के सूट. कर सव्वाआठ टक्के, हे मी खाली लिहिलं. वहिनींचं उत्तर लगेच आलं, “ताई, तीसमधनं सव्वाआठ गेले, पावणेबावीस टक्के सूट राहिली. म्हणजे ६२ डॉलर ६० सेंट.”

हिशेब चटकन पटतो, पण बिल तेवढं येत नाही. सूट ८० डॉलरवर आहे आणि कर सूट वजा करून उरलेल्या रकमेवर. दोन टक्के वेगवेगळ्या रकमांचे असले की ते एकमेकांतून वजा करता येत नाहीत. ८० चे दहा टक्के ८, त्याची तिप्पट २४, उरले ५६. आता ५६ चे आठ टक्के ४.४८ आणि पाव टक्का ०.१४, मिळून ४.६२ डॉलर कर. द्यायचे ६०.६२. वहिनींच्या आकड्यापेक्षा जवळजवळ दोन डॉलर कमी, कारण त्यांच्या रीतीनं सूट मिळालेल्या २४ डॉलरवरही कर लागला होता.

कुणी आधी ८० वर कर चढवून ८६.६० करेल आणि मग त्यातनं तीस टक्के काढेल. तरी ६०.६२ च येतात, कारण दोन्ही गुणाकारच आहेत. ‘दहा डॉलर कमी’ असं ठरावीक रकमेचं कूपन असलं की मात्र क्रम बदलला की उत्तर बदलतं. आणि ‘३० टक्के, वर आणखी २०’ असा बोर्ड असेल तर ती पन्नास टक्के सूट नव्हे. दुसरी सूट ५६ वर बसते, ४४.८० राहतात, म्हणजे एकूण सूट चव्वेचाळीस टक्केच.

टॅगवरच कर धरून किंमत का छापत नाहीत, याचा मला भारी राग यायचा. कारण कळल्यावर तो थोडा निवळला. टेक्सास राज्याचा कर सव्वासहा टक्के, त्यावर गाव आणि इतर स्थानिक संस्था मिळून जास्तीत जास्त दोन टक्के लावतात. डॅलसमध्ये ते पुरे दोन आहेत, दुसऱ्या गावात कमी असू शकतात, आणि ऑरेगन राज्यात तर विक्रीकरच नाही. एकच टॅग लावलेला माल सगळीकडं जातो, त्यावर एक आकडा छापणार तरी कुठला? हे मान्य. तरी शेल्फवर एक चिठ्ठी लावायला काय हरकत आहे, असं मला वाटतंच. आपली पद्धत गिऱ्हाइकाला जास्त सरळ आहे आणि ते मी इथल्या लोकांनाही सांगते.

फोटोवरून हिशेब करताना कराच्याही आधी एक गोष्ट तपासावी लागते: टॅगवर दोन किमती आहेत का? ८० वर काट मारून खाली ५६ छापलेलं असेल आणि शेजारी ‘३० टक्के’ असेल, तर ५६ ला ८० नं भागून बघा. ०.७ आलं म्हणजे सूट आधीच दिलेली आहे, ५६ मधनं पुन्हा तीस टक्के काढायचे नाहीत. भागाकार जुळला नाही तर सूट खालच्या किमतीवर आणखी मिळणार असेल किंवा स्टिकर भलत्याच मालाचं असेल. ते दुकानात विचारूनच कळतं.

म्हणून ज्यांना इथनं काही मागवायचंय आणि आमच्यासारखे कुणी फोटो पाठवणारे आहेत, त्यांनी टॅग दोन्ही बाजूंनी मागून घ्या, कपड्यांच्या रॅकवरचा बोर्डही मागून घ्या, कारण ‘३० टक्क्यांपर्यंत’ मधलं ‘पर्यंत’ बहुतेक वेळा तिथंच बारीक अक्षरात असतं. आणि दुकान कोणत्या गावात आहे, तेही विचारा.