ब्याण्णव घनमीटर गॅस आणि २,९१४ युनिटांचं बिल

लेस्टरमधल्या या घरात आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी राहायला आलो. जुनं घर, विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. पहिलं पूर्ण महिन्याचं गॅस बिल डिसेंबरच्या सुरुवातीला आलं आणि बायकोने फोन माझ्यापुढे धरला. "अरे, एकशे शहाण्णव पौंड? दोन माणसांच्या घरात?"

थंडी पडली होती, हीटिंग सकाळ-संध्याकाळ चालू होतं, तेव्हा मी आधी इंग्लंडच्या हवामानाला दोष दिला. पण पलीकडच्या घरात राहणाऱ्या आजींशी बोलताना कळलं की त्यांचं बिल ऐंशीच्या आसपास आहे. घर तेच, खोल्या त्याच, आणि त्या तर दिवसभर घरातच असतात. मग मात्र मी बिलाचं दुसरं पान उघडलं, जे सहसा कोणी उघडत नाही.

पुण्यात दादाकडे पाइपगॅस आहे. त्याच्या बिलावर घनमीटर असतात आणि घनमीटरला दर असतो. इथे मीटर घनमीटर मोजतं, पण पैसे लागतात किलोवॅट-तासांचे, म्हणजे आपण विजेच्या बाबतीत ज्याला एक युनिट म्हणतो त्याचे. म्हणजे तुम्ही किती गॅस वापरला यापेक्षा त्या गॅसमधून किती उष्णता मिळू शकते, हे विकलं जातं. आणि गॅस रोज सारखा नसतो. उत्तर समुद्रातला, नॉर्वेहून पाइपने आलेला, जहाजातून द्रवरूपात आणलेला, असा सगळा मिसळून येतो. कशात इथेन जास्त, कशात नायट्रोजन. त्यामुळे एका घनमीटरमधली उष्णता थोडी खालीवर होते. तो आकडा म्हणजे बिलावरची कॅलोरिफिक व्हॅल्यू. ती मेगाज्यूल प्रति घनमीटरमध्ये असते, साधारण ३७.५ ते ४३ च्या दरम्यान, आणि बहुतेक वेळा ३९ च्या जवळपास. देशाचे गॅसपुरवठ्याचे १३ विभाग आहेत. प्रत्येक विभागाचा आकडा रोज ठरतो आणि बिलावर त्या काळाची सरासरी छापतात.

माझ्या बिलावर ती ३९.४ होती. आधीचं रीडिंग ०४१२७, नंतरचं ०४२१९, म्हणजे ९२. दोन्ही रीडिंग मी स्वतः पाठवली होती, अंदाजाने लावलेली नव्हती. मी वही घेतली. ९२ ला आधी १.०२२६४ ने गुणायचं. हा आकडा विचित्र दिसतो, पण त्यामागे साधी गोष्ट आहे. कॅलोरिफिक व्हॅल्यू १५ अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब धरून काढलेली असते. मीटरमधून जाणारा गॅस मात्र त्याहून थंड आणि थोडा दाबाखाली असतो, म्हणजे तितक्याच जागेत थोडा जास्त गॅस मावतो. नियमात गॅसचं सरासरी तापमान १२.२ अंश आणि घराची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ६७ मीटर धरली आहे. त्यातून हा सव्वादोन टक्क्यांचा वाढावा येतो. डोंगरावर राहा की समुद्रकाठी, घरगुती ग्राहकाला हाच गुणक. लेस्टर योगायोगाने त्या सरासरी उंचीच्या जवळच आहे, म्हणजे निदान त्या बाबतीत माझ्यावर अन्याय नाही.

मग कॅलोरिफिक व्हॅल्यूने गुणायचं, म्हणजे मेगाज्यूल मिळतात. एका किलोवॅट-तासात ३.६ मेगाज्यूल, म्हणून शेवटी ३.६ ने भागायचं.

९२ × १.०२२६४ × ३९.४ ÷ ३.६ = १,०२९.७

बिलावर लिहिलं होतं २,९१४.

पहिल्यांदा वाटलं, गुणाकार चुकला. पुन्हा केला. मग वाटलं, कॅलोरिफिक व्हॅल्यूमध्येच काहीतरी घोळ असेल. रात्री दादाशी बोललो तर तोही हेच म्हणाला, "तो आकडा ते लोक वाढवून लावत असतील, तुला काय कळणार?" पण हा संशय वहीवर टिकत नाही. ३९.४ च्या जागी ३९.१ धरलं तर माझा वापर ८ किलोवॅट-तासांनी कमी होतो. माझा दर ६.१ पेन्स, म्हणजे फरक पन्नास पेन्सही नाही. सगळ्यात हलका गॅस आणि सगळ्यात भारी गॅस यांच्यातसुद्धा फरक पंधरा टक्क्यांच्या आतच. तिप्पट बिल त्यातून येणं शक्यच नाही. उलट इथल्या नियमात ग्राहकाच्या बाजूने एक अट आहे. विभागात वेगवेगळ्या ठिकाणांहून गॅस येतो, त्यातला सगळ्यात हलका जो असेल त्याच्यापेक्षा एक मेगाज्यूलहून जास्त आकडा बिलासाठी लावता येत नाही.

दुसरा संशय दशांशाचा. मीटरवर स्वल्पविरामासारख्या खुणेनंतरचे लाल चौकटीतले आकडे पाठवायचे नसतात. ते चुकून पाठवले तर वापर दहापट किंवा शंभरपट दिसतो. पण माझा फरक दहापट नव्हता. मी २,९१४ ला १,०२९.७ ने भागलं. उत्तर आलं २.८३.

तेव्हा बिलावरची ती ओळ दिसली, जिच्यावरून माझी नजर तीनदा घसरली होती. ९२ च्या शेजारी बारीक अक्षरात 'शेकडा घनफूट' असं लिहिलं होतं आणि पुढच्या ओळीत २.८३ ने गुणून २६०.३६ घनमीटर केले होते. शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. जुनी मीटरं घनफुटांत मोजतात, नवी घनमीटरमध्ये. कंपनीच्या दप्तरी माझं मीटर जुनं होतं.

जिन्याखालच्या कपाटात टॉर्च घेऊन गेलो. मीटर डिजिटल, पाच आकडे, मग दशांश, आणि शेजारी स्पष्ट m³. जुन्या मीटरवर तिथे ft³ असतं आणि आकडे बहुधा चारच. आधीच्या मालकाने कधीतरी मीटर बदलून घेतलं असणार आणि नोंद तशीच राहिली असणार.

मी लगेच ईमेल लिहायला बसलो, तर बायको म्हणाली, "थांब. मीटरच पळत असेल तर? मग ते म्हणतील, तुमचंच यंत्र खराब." मुद्दा बरोबर होता. म्हणून आम्ही एक प्रयोग केला. सगळं हीटिंग बंद, शेगडी बंद. बॉयलरच्या खालच्या झाकणामागच्या पट्टीवर लिहिलं होतं की गरम पाण्यासाठी तो पूर्ण ताकदीने २४.७ किलोवॅट गॅस घेतो. तिने वर गरम पाण्याचे नळ पूर्ण सोडले, मी खाली मोबाइलवर सहा मिनिटं लावली. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, म्हणून २.४७ किलोवॅट-तास. माझ्या हिशेबाने एका घनमीटरला ११.१९ किलोवॅट-तास पडतात, तर मीटर ०.२२१ ने पुढे जायला हवं होतं. गेलं ०.२४४ ने.

दहा टक्के जास्त! क्षणभर खरंच वाटलं की मीटर पळतंय. नंतर पट्टी पुन्हा वाचली, तेव्हा २४.७ च्या पुढे 'नेट' असं दिसलं. गॅस जळताना पाण्याची वाफ होते. त्या वाफेतली उष्णता सोडून मोजलं तर नेट, धरून मोजलं तर ग्रॉस. नैसर्गिक वायूत ग्रॉस आकडा नेटपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी जास्त असतो आणि बिलावरची कॅलोरिफिक व्हॅल्यू नेहमी ग्रॉस असते. २४.७ ला ०.९ ने भागलं, २७.४ आले. त्यावरून सहा मिनिटांचे ०.२४५ घनमीटर. मीटर ठीक होतं. ते खरोखर शेकडा घनफुटांत मोजत असतं, तर तेवढ्या वेळात जेमतेम ०.०८७ सरकलं असतं. या प्रयोगाला एक मर्यादा आहे. नळ अर्धवट सोडला तर बॉयलर आपली आच कमी करतो आणि मग पट्टीवरचा आकडा धरता येत नाही. थंडीत, पाइपातलं पाणी गार असताना, पूर्ण धार सोडूनच करावा.

ईमेलमध्ये मी तक्रारीचा सूर ठेवला नाही, फक्त तीन गोष्टी ठेवल्या: मीटरचा फोटो ज्यात m³, रीडिंग आणि अनुक्रमांक एकाच चौकटीत दिसतात, घरात आलो त्या दिवसाच्या रीडिंगचा फोटो, आणि वरचा हिशेब. फोनवर मात्र दोनदा गाडी घसरली. पहिल्या बाईंनी मला हीटिंग एक अंशाने कमी ठेवायचा सल्ला दिला. दुसरा मुलगा म्हणाला की सिस्टममध्ये जे आहे तेच बरोबर. मी त्याला एवढंच विचारलं, "तुमच्याच नियामकाच्या हिशेबाने सर्वसाधारण घराला वर्षाला ११,५०० किलोवॅट-तास गॅस लागतो. माझ्या दोन माणसांच्या घराने त्याचा चौथा हिस्सा एका नोव्हेंबरात कसा जाळला?" त्याने मला थांबायला सांगितलं, आणि परत आला तेव्हा मीटरचा अनुक्रमांक विचारला. तिथून चक्र हललं. मीटरचा प्रकार फक्त त्यांच्या खात्यात बदलून चालत नाही, गॅस मीटरांच्या देशपातळीवरच्या नोंदीतही बदलावा लागतो, त्यात वेळ गेला. आठ आठवड्यांत मिटलं नसतं तर ऊर्जा लोकपालाकडे जाता आलं असतं. पाच आठवड्यांत मिटलं.

सुधारलेलं बिल असं: १,०२९.७ किलोवॅट-तासांचे ६२.८१ पौंड, ३१ दिवसांचा स्थिर आकार ९.३० पौंड, त्यावर ५ टक्के कर, एकूण ७५.७२. आधीचं होतं १९६.४०. फरक खात्यात जमा झाला.

हे कळल्यावर शेजारच्या आजींनी त्यांचंही मीटर मला दाखवलं. त्यांचं खरंच जुनं आहे, ft³ वालं, आणि बिलावरही घनफूटच आहेत, म्हणजे ठीक. मी मुद्दाम पाहिलं, कारण उलटी चूक झाली तर बिल एक-तृतीयांश येतं, माणूस खुशीत राहतो, आणि मग एक दिवस कंपनीला कळतं. मागची वसुली तेव्हा बारा महिन्यांपलीकडे करता येत नाही, पण बारा महिन्यांचीही कमी नसते.

पुढच्या बिलात ११८ घनमीटर होते आणि कॅलोरिफिक व्हॅल्यू ३९.२. छापलेले किलोवॅट-तास १,३१४. माझ्या वहीत १,३१३.९८.