कुलर बंद, दंडार सुरू

विदर्भात मे महिन्यात रेकॉर्डिंगला गेलं की पहिल्यांदा घरच्यांना कुलर बंद करायला सांगावं लागतं. घरच्या बाईचा चेहरा तिथेच उतरतो. पण इलाज नसतो. कुलरची घरघर एकदा माईकमध्ये शिरली की नंतर सॉफ्टवेअरने काढता काढता गाणाऱ्याचा आवाजही पातळ होत जातो. म्हणून कुलर बंद, पंखाही बंद. माणसं दुपट्ट्याने घाम पुसत बसून राहतात. फोनला घाम येत नाही, हीच सगळी अडचण.

आमचा प्रकल्प जुन्या लोककलांच्या नोंदी करायचा आहे. मोठे कॅमेरे परवडत नाहीत, म्हणून सगळं फोनवर. ही गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलकडच्या एका गावची आहे. तिथे एका वृद्ध कलावंताला, गाव त्यांना बाबाजी म्हणतं, दंडारीचं, म्हणजे इकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याचं, अख्खं सोंग पाठ आहे, गणापासून शेवटच्या लावणीपर्यंत. वह्या नाहीत, सगळं डोक्यात. खरं तर असं काम दिवाळीनंतर, मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत करावं. पण बाबाजींची तब्येत दिवाळीची वाट पाहण्यासारखी नव्हती.

मे महिन्यातच जायचं होतं तर सकाळी का नाही गेलात, असं ऑफिसातल्या लोकांनी नंतर विचारलं. त्यांनी एकदा तेंदूपत्त्याच्या हंगामात गावात येऊन पाहावं. पहाटे चारला अख्खं गाव जंगलात असतं. बाबाजींच्या मागे सूर धरणारे दोन्ही झीलकरीसुद्धा. अकराच्या सुमारास ते पानं घेऊन परततात, मग घरोघरी सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधणं चालतं आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, मोजून द्यायचे असतात. मोकळा वेळ सापडला तर दुपारी, दोन ते पाच. म्हणजे नेमका उन्हाचा कहर.

जागा मात्र मी निवडली आणि तिच्याबद्दल मला अजून समाधान आहे. माझ्या नागपूरच्या सहकाऱ्याला घरकुलाची नवी खोली हवी होती, उजेड चांगला म्हणून. वर टिनाचं छत. मी कवेलूच्या जुन्या घराची सपरी, म्हणजे पुढची ओसरी, धरली. मातीच्या जाड भिंती, समोर कडुलिंब. भिंतीला टांगलेल्या माझ्या साध्या थर्मामीटरवर तिथे ४३ अंश होते. टिनाखाली किती असते ते पाहायला मी गेलेच नाही. बहुतेक फोन बनवणारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात, म्हणजे आमची सुरुवातच त्या मर्यादेच्या आठ अंश वर होती.

मुख्य फोन ऑफिसचा, आणि त्यासोबत ऑफिसचा नियम: व्हिडिओ फोर-के मध्येच. हा नियम एसीत बसून केलेला आहे, हे मी मीटिंगमध्येही बोलले आहे. फोर-के च्या चौकटीत १०८०पीच्या चौपट ठिपके असतात. ते प्रत्येक सेकंदाला तीस वेळा गोळा करायचे, दाबून लहान करायचे आणि साठवायचे, आणि या सगळ्या कामाची उष्णता फोनच्या पोटातच तयार होते. जागेचं गणितही तेवढंच वाईट. त्या फोनवर फोर-के मिनिटाला साधारण ३६० एमबी खायचं, म्हणजे तासाला एकवीस जीबीच्या वर. रिकामी जागा होती ५८ जीबी. बाबाजी म्हणाले होते, सोंग चार तासांचं आहे. फोन थंड राहिला असता तरी पावणेतीन तासांच्या आत भरलाच असता.

सहकाऱ्याने फोन ट्रायपॉडवर लावला. अंगणातल्या उन्हाच्या चमकेत चौकट दिसेना म्हणून स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला, बॅटरी उतरू नये म्हणून पॉवर बँक जोडली. गावात टॉवरची एकच दांडी येते-जाते, तिचा शोधही फोन मागे चालूच ठेवून होता. म्हणजे कॅमेरा, स्क्रीन, चार्जिंग आणि नेटवर्क अशा चारही बाजूंनी फोन आतून तापत होता, वर रबरी कव्हर. मी बोलले. उत्तर आलं, ‘मॅडम, लग्नात सहा-सहा तास चालवतो.’ लग्न डिसेंबरात होतं की हॉलमध्ये, ते विचारायचं राहून गेलं.

गण सुरू झाला. विसाव्या मिनिटानंतर आधी चार्जिंग थांबलं. बॅटरी साधारण ४५ अंशांच्या आसपास पोचली की बहुतेक फोन चार्ज घेणं बंद करतात. मग स्क्रीन आपोआप मंद झाली. ही दुसरी खूण दिसली की रेकॉर्डिंग हाताने थांबवायला हवं, कारण त्या क्षणी फाईल नीट बंद करता येते. सहकाऱ्याला वाटलं, फोन स्वतःच सावरतोय. सत्ताविसाव्या मिनिटाला फोन सरळ बंद पडला.

बाबाजी थांबले नाहीत. मी हाताने खूण केली तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि पुढचं कडवं घेतलं. नंतर सांगितलं, ‘गन उभा केला का मंधात सोडत नाही जी.’

इथे ऑफिसचा आणि माझा यांखेरीज मी आधीपासून लावलेला तिसरा फोन कामाला आला. जुना, स्क्रीनला तडा गेलेला. तो फक्त आवाज घेत होता: बाबाजींच्या सदऱ्याला छोटा माईक, स्क्रीन बंद, एअरप्लेन मोड चालू, फोन खाटेखाली सावलीत. एका चॅनलचा साधा वेव्ह आवाज, तासाला साडेतीनशे एमबीच्या आसपास. व्हिडिओच्या मानाने त्याला काम इतकं कमी की तो जवळपास हवेएवढाच गरम राहतो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तो कुठेही तुटला नाही.

गण संपल्यावर झीलकरी पाणी प्यायला उठले. तेवढ्यात बाबाजींचा नातू बंद पडलेला फोन घेऊन दुकानाच्या फ्रीजकडे निघाला होता. त्याला अंगणातूनच परत बोलावलं. इतक्या तापलेल्या वस्तूला एकदम पाच अंशांत ठेवलं की आत-बाहेर ओल धरायची भीती, आणि ती ओल कॅमेऱ्याच्या भिंगामागे किंवा चार्जिंगच्या खाचेत गेली की फोन गेलाच. बर्फाचंही तेच.

मग पंखा? इथे बहुतेक जण फसतात. पंखा फक्त हवा हलवतो. हवाच ४३ अंशांची असेल तर पंख्याखाली फोन कितीही वेळ ठेवा, ४३च्या खाली येणार नाही. कुलरचं तसं नाही. वाळ्यातून किंवा गवताच्या जाळीतून पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि विदर्भातली मे महिन्याची हवा कोरडी असल्यामुळे हे काम जोरात होतं. समोरची हवा सहज तिशीच्या आसपास उतरते. कोकणात हाच कुलर निम्मंही काम करणार नाही. म्हणून मी शेजारच्या घरातला कुलर सुरू करायला सांगितला, दोन भिंतींपलीकडे, आवाज येणार नाही इतका लांब. त्याच्या समोर, पण तुषार लागणार नाहीत अशा अंतरावर, स्टूल ठेवलं आणि त्यावर कव्हर काढलेला फोन पालथा. थंड झाला की नाही ते हाताला नीट कळत नाही, म्हणून लॅपटॉपची केबल क्षणभर लावून पाहायची:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `temperature: 461` असं दिसलं की ४६.१ अंश समजायचे. दहा-बारा मिनिटांत तो आकडा ३५०च्या खाली आला.

पुढचं सोंग आम्ही ऑफिसचा आणि माझा, असे दोन फोन आलटून पालटून वापरून घेतलं. एक सपरीत चालू, एक कुलरसमोर. १०८०पी, आणि सेटिंगमध्ये व्हिडिओ जास्त दाबून साठवणारं एचईव्हीसी निवडलेलं, म्हणजे पंधरा मिनिटांचा तुकडा साधारण एक जीबीचा. चौकट एकदा जुळवली की स्क्रीनचा उजेड तळाला. पॉवर बँक रेकॉर्डिंगच्या वेळी नाही, फक्त कुलरसमोर. तुकडा घड्याळावर तोडायचा नाही. सोंगात झीलकऱ्यांनी दम घ्यायच्या जागा असतात, तिथे तोडायचा. त्या जागा कोणत्या, हे मला बाबाजींच्या सुनेने पुडके बांधता बांधता सांगितलं. आमच्या सहकाऱ्यापेक्षा तिला रेकॉर्डिंग जास्त कळलं, असं माझं मत झालं.

माझ्या फोनमध्ये जागा कमी होती, म्हणून जुने प्रशिक्षणाचे व्हिडिओ उडवले. तरी रिकामी जागा तेवढीच दिसत राहिली. गॅलरीतून पुसलेला व्हिडिओ महिनाभर तिच्या ट्रॅशमध्ये पडून असतो आणि तोवर जागा सोडत नाही. ट्रॅश रिकामा केल्यावरच अकरा जीबी मोकळे झाले. भरलेले तुकडे ओटीजीने पेनड्राइव्हवर घ्यायचे, तेही कुलरसमोरच, कारण कॉपी करतानाही फोन तापतो. आणि पेनड्राइव्हवरच्या फाईलचा शेवटचा मिनिट वाजवून पाहिल्याशिवाय फोनवरची पुसायची नाही.

राहिला तो मेलेला फोन. सुरू झाल्यावर त्यात साडेनऊ जीबीची फाईल होती, पण ती उघडेना. एमपी-फोर फाईलमध्ये कोणता भाग कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. फोन त्याआधीच मेला, म्हणून चित्र आहे पण वाट नाही. रात्री मूलला लॉजवर त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये दोन मिनिटांचा चांगला व्हिडिओ काढला आणि त्याचा नमुना देऊन तुटक्या फाईल दुरुस्त करणारं `untrunc` चालवलं:

```
untrunc changla.mp4 tutka.mp4
```

बहुतेक चित्र परत आलं. गेला तो अगदी शेवटचा तुकडा, आणि त्याला जोडून दुसरा फोन लागेपर्यंतची सहा मिनिटं. म्हणजे गणाची शेवटची कडवी: आवाज स्वच्छ, चित्र नाही.

ऑफिसने ती कडवी ‘अपूर्ण’ म्हणून परत पाठवली. तीच पुन्हा फोर-के मध्ये घ्या, असा शेरा. बाबाजींना विचारलं तर ते हसले. गाईन म्हणाले, पण त्या दिवशीचं नाही. एक झीलकरी आता चंद्रपुरात मजुरीला आहे. मला मात्र वाटतं की गण आमच्याकडे पूर्ण आहे. पाठवायच्या तक्त्यात ‘फक्त आवाज’ असा रकाना नाही, तो मी पेनाने आखून पाठवला होता. तक्ता परत आला तेव्हा त्यावर रेघ मारलेली होती, आणि मी तो तसाच दुसऱ्यांदा पाठवला आहे.